मनगटावरचा आकडा आणि बोटाखालची नाडी

घड्याळाने वेळ चुकीची दाखवली, तर माणूस घड्याळाला दोष देतो. त्याच घड्याळाने नाडीचे ठोके चुकीचे दाखवले, तर मात्र तो स्वतःच्या हृदयावर संशय घेतो. स्मार्टवॉच नावाच्या वस्तूने आपल्या घराघरांत जो नवा घोळ निर्माण केला आहे, त्याचे मूळ या उफराट्या विश्वासात आहे. मनगटावर हिरवा प्रकाश लुकलुकतो, काचेवर ‘१४८’ असा आकडा उमटतो आणि क्षणभरापूर्वी निवांत असलेला मनुष्य खरोखरच घाबराघुबरा होतो. घाबरल्यामुळे नाडी थोडी वाढतेही. मग घड्याळ खरे बोलत होते, अशी त्याची खात्री पटते!

या आकड्यावर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न केवळ चैनीच्या वस्तूचा राहिलेला नाही. साठी उलटलेले आईवडील आणि परगावी नोकरी करणारी मुले यांच्यातील काळजीचा धागा आज पुष्कळदा या घड्याळातून जातो. मुलगी दूरदेशी बसून फोनवर वडिलांच्या नाडीचा आलेख पाहते आणि तेथून विचारते, “बाबा, सकाळी सात वाजता काय झालं होतं?” बाबांना काहीच झालेले नसते. ते फिरायला गेलेले असतात.

माझ्या परिचयातील एका सेवानिवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या बाबतीत अगदी हेच घडले. वय चौसष्ट, प्रकृती उत्तम, रोज सकाळी पुण्यातील एका मैदानावर पाऊण तास चालण्याचा नेम. नवे घड्याळ हाताला बांधल्यापासून चालायला सुरुवात करून दोन-तीन मिनिटे होत नाहीत, तोच नाडी ११९ किंवा १२० दिसू लागे. थांबून बाकावर बसले, की अर्ध्या मिनिटात आकडा थेट ऐंशीच्या घरात येई. धाप नाही, छातीत धडधड नाही, घाम नाही. तरीही घरच्यांनी ईसीजी काढवला, मग हृदयाची सोनोग्राफी, मग चालत्या पट्ट्यावरची तपासणी. सारे काही वयोमानाप्रमाणे उत्तम निघाले. निदान काय, तर निदान नाही! आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर पुन्हा १२०.

अखेर त्यांच्या एका डॉक्टर मित्राने कोणतेही यंत्र न वापरता हा गुंता सोडवला. तो त्यांच्याबरोबर मैदानावर गेला आणि चालता चालता त्याने पंधरा सेकंदांतील त्यांची पावले मोजली. ती तीस भरली, म्हणजे मिनिटाला १२०. घड्याळ त्या वेळी ११९ दाखवत होते. त्याने त्यांना जागच्या जागी थांबवले आणि तत्क्षणी उजव्या मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे ठेवून पंधरा सेकंद नाडी मोजली. ठोके तेवीस, म्हणजे मिनिटाला ९२. घड्याळ हृदय मोजतच नव्हते, ते पाय मोजत होते.

हे कसे घडते, हे कळण्यासाठी त्या हिरव्या प्रकाशाचे काम समजून घेतले पाहिजे. घड्याळाच्या पाठीवर हिरवे एलईडी दिवे असतात आणि त्यांच्या शेजारी परत आलेला प्रकाश टिपणारा संवेदक असतो. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेखालील बारीक रक्तवाहिन्यांत रक्ताची एक लाट येते. तेवढ्यापुरता प्रकाश अधिक शोषला जातो आणि परत येणारा प्रकाश किंचित मंदावतो. लाट ओसरली की तो पुन्हा उजळतो. या चढउतारांची गणना म्हणजे घड्याळाने दाखवलेली नाडी. ही कल्पना नवी नाही. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आल्रिक हर्ट्झमन यांनी १९३०च्या दशकातच प्रकाशाच्या साहाय्याने त्वचेतील रक्ताची ही भरती-ओहोटी टिपून दाखवली होती.

ग्यानबाची मेख आहे ती ‘किंचित’ या शब्दात. मनगटावरून परत येणाऱ्या एकूण प्रकाशात नाडीमुळे होणारा बदल शेकडा एक-दोन भाग, कित्येकदा त्याहूनही कमी असतो. बाकी सारा प्रकाश त्वचा, स्नायुबंध, हाड आणि न हलणारे रक्त यांवरून परतलेला असतो. अशा वेळी घड्याळ मनगटावर केसभर जरी सरकले, तरी त्याने होणारा बदल नाडीच्या बदलापेक्षा कितीतरी मोठा असतो. लग्नाच्या वरातीत बँड वाजत असताना शेजारच्याच्या हातातील घड्याळाची टिकटिक ऐकण्यासारखाच हा प्रकार आहे.

घड्याळाचे कर्ते काही अडाणी नाहीत. त्यांनी आत हालचाल मोजणारा दुसरा संवेदक बसवलेला असतो आणि प्रकाशातील चढउतारांतून हालचालीचा भाग वजा करण्याचे गणित केलेले असते. परंतु चालणे ही मुळातच तालबद्ध क्रिया आहे. झपझप चालणाऱ्या माणसाची पावले मिनिटाला शंभर ते एकशेवीस पडतात, धावणाऱ्याची एकशेसाठ ते एकशेऐंशी. आणि हे दोन्ही आकडे माणसाच्या नाडीलाही शोभण्यासारखे असतात. नाडीचा संकेत क्षीण आणि पावलांचा जोरकस झाला, की गणित पावलांचाच ताल नाडी म्हणून धरून बसते. कधी कधी त्याच्या निम्माही आकडा दिसतो, कारण हाताचा एक पूर्ण झोका दोन पावलांना एकदा होतो. म्हणून १२०च्या चालीवर ६० ही ‘नाडी’ दिसली, तर आपले हृदय योग्यासारखे शांत झाले आहे, असे समजून हुरळून जाण्याचेही कारण नाही.

डॉक्टर मित्राने पुढे आणखी दोन गोष्टी केल्या. त्याने गृहस्थांना पावले मंद करायला सांगितली. पंधरा सेकंदांत पंचवीस, म्हणजे मिनिटाला १००. थोड्याच वेळात घड्याळही शंभरावर येऊन ठेपले. मग पूर्वीच्याच वेगाने चालायला लावून त्याने डावा हात छातीशी स्थिर धरायला सांगितला. पायांचा वेग १२० आणि तरी घड्याळातील आकडा घसरत घसरत नव्वदीत आला. हात स्थिर केल्याने कोणाचे हृदय मंद होत नाही. मंद झाला तो संवेदकाला बसणारा हेलकावा. शेवटी त्याने घड्याळ बघितले. पट्टा सर्वांत सैल छिद्रात अडकवलेला, घड्याळ मनगटाच्या उंचवट्याच्या हाडावर, हातातल्या कड्यासारखे खेळते. ते कोपराच्या दिशेने दोन बोटे वर सरकवले, पट्टा एका छिद्राने आवळला आणि त्याच वेगाने चालायला लावले. आकडा ९३, ९५, ९४. नवे घड्याळ बदलून आणण्यासाठी दुकानात जायची तयारी झाली होती, ती तेथेच थांबली.

पट्ट्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण भलत्या आकड्यांच्या तक्रारींत पहिला संशयित तोच असतो आणि विचार मात्र सर्वांत शेवटी त्याचा होतो. आपल्याकडे घड्याळ सैल घालण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. वेळ बघायला ते पुरते. परंतु प्रकाशाने मोजायचे, तर काच आणि त्वचा यांच्यामध्ये फट राहून चालत नाही. फटीतून बाहेरचा उजेड आत शिरतो, आतला प्रकाश त्वचेत न जाता वरच्या वरच परावर्तित होतो आणि प्रत्येक झोक्याला फटीचे माप बदलते. म्हणून हात जोराने झटकला तरी घड्याळ जागचे हलता कामा नये. मात्र याचा अर्थ ते फास बसल्यासारखे आवळावे असा नव्हे. फार आवळले, तर त्वचेखालच्या बारीक वाहिन्यांतील रक्तच बाजूला दाबले जाते. जी लाट मोजायची तीच नाहीशी होते. पट्ट्याखाली करंगळी थोड्या प्रयासाने शिरावी आणि घड्याळ काढल्यावर उमटलेला वण काही मिनिटांत मावळावा, एवढा ताण योग्य. चालताना-धावताना असा पट्टा बांधावा आणि घरी आल्यावर एका छिद्राने सैल करावा.

पट्टा नेमका असूनही काही क्रियांत आकडा बिघडतोच, हे येथेच सांगितले पाहिजे. सूर्यनमस्कारात तळहात जमिनीवर टेकतात, मनगट मागे वाकते आणि शरीराचा भार त्यावर येतो. स्नायुबंध ताणले जातात, रक्त दाबले जाते आणि घड्याळाची कड हाताच्या पाठीत रुतते. वजने उचलताना किंवा दोरीवरच्या मल्लखांबात मूठ आवळली, की तेच. बारा सूर्यनमस्कार घालून ६८ ही नाडी दिसली किंवा १७५ दिसली, तरी दोन्ही आकडे सारखेच निरर्थक आहेत. त्यातून घड्याळ मागील काही सेकंदांची सरासरी दाखवते, म्हणून एकाएकी वेग वाढला वा थांबला, तर ते काही काळ मागेच राहते. आणि विश्रांतीच्या वेळी विजेच्या बचतीसाठी पुष्कळ घड्याळे सतत मोजतही नाहीत, मधूनमधून मोजतात. आपण बघत असलेला आकडा काही मिनिटांपूर्वीचा शिळाही असू शकतो.

स्वच्छतेचा मुद्दा मात्र दुकानदार फार ताणतात. तक्रार घेऊन जा, पहिले उत्तर मिळते, “काच पुसा.” काच पुसावी हे खरेच. घामाचे क्षार वाळून तिच्यावर पांढरा थर बसतो, साबणाचा साय आणि त्वचेचा मळ कडांत साठतो, अंगाला लावलेल्या तेलाचा पापुद्रा तयार होतो. त्यामुळे प्रकाश विखुरतो आणि तेलावरून घड्याळ घसरतेही. मऊ सुती कापड साध्या पाण्याने किंचित ओले करून पाठ पुसावी, पट्टा सोडवून धुवावा, दोन्ही पूर्ण कोरडे करून मगच बांधावे. नखरंग काढायचे द्रव, राख, घासणी यांना दूर ठेवावे. काचेवर चरे पडले, तर तो दोष कायमचा. परंतु अनुभव असा, की मळामुळे संकेत क्षीण होतो, आकडा येण्यास वेळ लागतो, मधूनच तो गायब होतो. नुसत्या मळामुळे स्वस्थ बसलेल्या माणसाचे ७० चे १५० सहसा होत नाहीत. काच पुसूनही आकडा भलताच राहिला, तर दुकानदाराचे समाधान करण्यासाठी ती आणखी दहा वेळा पुसण्यात अर्थ नाही.

आता त्वचेकडे वळू. हा विषय आपल्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याचा आहे, कारण ही यंत्रे प्रामुख्याने ज्या समाजांत घडली, त्यांच्या त्वचेचा वर्ण आणि आपला वर्ण एक नाही. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य हिरवा प्रकाश शोषते. सावळ्या त्वचेतून आत जाणारा आणि परत येणारा प्रकाश त्यामुळे कमी होतो, हे निर्विवाद. त्याने आकडा किती बिघडतो, याविषयी मात्र संशोधकांत एकमत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ मध्ये सात उपकरणे साठ स्वयंसेवकांवर पारखली गेली, तेव्हा गडद त्वचेच्या व्यक्तींत चूक अधिक आढळली. ड्यूक विद्यापीठाच्या २०२० मधील अभ्यासात त्रेपन्न व्यक्ती होत्या. तेथे वर्णानुसार लक्षणीय फरक दिसला नाही. फरक दिसला तो एका उपकरणापासून दुसऱ्यात आणि विश्रांतीपासून हालचालीत.

मला यातून निघणारा अर्थ असा दिसतो, की सावळा वर्ण स्वतः खोटा आकडा निर्माण करत नाही. तो चुकीला मिळणारी सवलत कमी करतो. गोऱ्या मनगटावर जो सैल पट्टा कसाबसा निभावून जाईल, तो सावळ्या मनगटावर निभावणार नाही. चांगले घड्याळ दिव्याची तीव्रता वाढवून ही उणीव भरून काढते. स्वस्तातल्या घड्याळात ती सोय बेताचीच असते. म्हणून परदेशी चाचणीतील अचूकतेचा दाखला पाहून खरेदी करण्यापेक्षा आपल्याच मनगटावर, आपल्याच चालीने ते पारखून घेणे शहाणपणाचे.

गोंदणाची गोष्ट निराळी. येथे सवलत कमी होण्याचा प्रश्न नाही, वाटच बंद होते. पाश्चात्त्य देशांत २०१५ च्या सुमारास मनगटावर नक्षी गोंदवलेल्या तरुणांच्या तक्रारी गाजल्या आणि शाईचा रंग व दाटपणा प्रकाश अडवू शकतो, हे घड्याळाच्या निर्मात्यांनाही मान्य करावे लागले. आपल्याकडे तर ही कला आजीच्या हातावर आहे. खेड्यापाड्यांतील वयस्क स्त्रियांच्या मनगटावर आणि हातावर काजळीने टोचलेली तुळस, विंचू, ठिपके आजही दिसतात. शहरातल्या नातवाने हौसेने आजीला घड्याळ बांधले आणि आकडा कधी दिसतो, कधी नाही, कधी एकदम ४५ आणि कधी १३०, असे झाले, तर त्यात आजीचेही हृदय निर्दोष असू शकते आणि घड्याळही. दुसऱ्या हातावर गोंदणविरहित जागा पाहावी. न मिळाल्यास या रीतीचा नाद सोडावा. वार्धक्यातील सुरकुतलेली, सैल त्वचा आणि थंडीत आकसलेल्या रक्तवाहिन्या हेही असेच संकेत क्षीण करतात. पौषातल्या पहाटे मैदानावर पोचताक्षणी दिसणाऱ्या आकड्यापेक्षा दहा मिनिटे चालून अंग उबदार झाल्यावरचा आकडा अधिक भरवशाचा असतो.

इतके सारे झाल्यावर उरतो तो खरोखर बिघडलेला संवेदक. तो ओळखायचा कसा? समाजमाध्यमांवर एक गंमत मध्यंतरी फार फिरली. घड्याळ केळ्याला किंवा कागदाच्या गुंडाळीला बांधायचे. त्यावरही ते ‘नाडी’ दाखवते आणि पाहणारे हसतात. त्यावरून घड्याळ बनावट ठरत नाही. संवेदकासमोर काहीतरी आहे एवढे त्याला कळते आणि मग गणित त्या गोंधळातही ताल शोधत राहते. केळ्याने फक्त एवढेच सिद्ध होते, की ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणायला या यंत्राला कोणी शिकवलेले नाही.

खरी परीक्षा स्वस्थ बसून घ्यावी, कारण विश्रांतीच्या स्थितीत हालचालीची सबब उरत नाही. काच व मनगट स्वच्छ करावे, घड्याळ एकदा बंद करून पुन्हा चालू करावे, नीट बांधावे, पाच मिनिटे खुर्चीत बसावे आणि हात टेबलावर उताणा ठेवावा. २०२० आणि २०२१ च्या कोरोनाकाळात घेतलेला बोटाचा ऑक्सिमीटर पुष्कळ घरांत अजून कपाटात पडलेला आहे. तो दुसऱ्या हाताच्या बोटाला लावावा. त्याचा प्रकाश बोटातून आरपार जातो आणि बोटात नाडीची लाट मनगटापेक्षा ठळक असते, म्हणून बसलेल्या स्थितीत तो चांगला साक्षीदार ठरतो. बोट मात्र गार नसावे आणि नखावर रंग नसावा. दोन-चार ठोक्यांचा फरक सोडून द्यावा. वीस-तीसचा फरक टिकून राहिला, दुसऱ्या मनगटावरही तोच आला आणि घरातील दुसऱ्या माणसाच्या हातावरही घड्याळ असेच बरळले, तर दोष माणसाचा नाही, पट्ट्याचा नाही, त्वचेचाही नाही.

मग अंधाऱ्या खोलीत घड्याळाची पाठ पाहावी. मोजणी सुरू असताना हिरवे दिवे लागतात का? अनेक दिव्यांपैकी एखादा कायमचा विझलेला आहे का? काचेच्या आतून वाफ धरल्यासारखे धुके दिसते का? तसे असेल, तर पाणी आत शिरले आहे. पुसून ते जाणार नाही. काचेला तडा आहे का? आणि पाठीची काच एका कडेने उचलल्यासारखी दिसत असेल, तर आतली बॅटरी फुगलेली असण्याचा संभव आहे. असे घड्याळ चार्जिंगला लावू नये आणि हाताला बांधूही नये. आणखी एक प्रकार अतिस्वस्त घड्याळांत आढळतो. दिवा लुकलुकतो, पण आकडा कधी बहात्तर, कधी शहात्तर, कोणाच्याही हातावर, केव्हाही. तीन मजले चढून जावे, वर पोचताच बोटाने नाडी मोजावी. बोटाखाली ११० आणि घड्याळात मिनिटभरानेही ७४ असेल, तर त्या वस्तूला खेळण्याच्या डब्यात जागा द्यावी.

दुरुस्ती केंद्रात जाताना या सर्व नोंदी कागदावर लिहून न्याव्यात: तारीख, वेळ, बसलेल्या स्थितीतील घड्याळाचा आकडा, ऑक्सिमीटरचा आकडा, दोन्ही मनगटे, दोन माणसे. नुसते “चुकीचे दाखवते” म्हणणाऱ्या ग्राहकाची बोळवण ‘काच पुसा, पट्टा आवळा’ या दोन वाक्यांवर होते. लेखी नोंदींसमोर ती वाक्ये पुरत नाहीत.

आतापर्यंतचे विवेचन वाचून कोणी असा निष्कर्ष काढील, की घड्याळाचा विचित्र आकडा दिसला की तो हसण्यावारी न्यावा. हा निष्कर्ष पहिल्या भीतीपेक्षाही घातक आहे. हृदयाच्या तालाचे काही विकार असे असतात, की नाडी एका क्षणात ८० वरून १७० वर जाते आणि तशीच एका क्षणात खाली येते. घड्याळाच्या आलेखात पावलांची चूक आणि असा विकार हुबेहूब एकसारखे दिसू शकतात. खऱ्याखोट्याचा निवाडा आलेख पाहून होत नाही, तो आकडा दिसत असतानाच बोटाने होतो. थांबावे, बसावे, नाडी हाती घ्यावी. बोटाखालीही ती तशीच धावत असेल, तर घड्याळाने आपले काम चोख केले आहे. ठोके एकसारखे पडत नसून अडखळत, कमीअधिक अंतराने येत असतील, तर पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये; पूर्ण मिनिट मोजावे आणि ही अनियमितता डॉक्टरांना आवर्जून सांगावी. छातीत दुखणे, घेरी, धाप यांपैकी काही असेल, तर मोजत बसूच नये. तेव्हा आकडा काहीही असो, रुग्णालय गाठावे.

बोटालाही मर्यादा आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एका शिक्षिकेच्या घड्याळात काही दिवस स्वस्थ बसलेले असताना ४१ दिसत असे. पट्टा ठीक, काच स्वच्छ, दुसऱ्या हातावरही ४१, ऑक्सिमीटरही ४१, बोटाखालीही ४१. चारही साक्षीदार एकमुखाने बोलत होते. ईसीजीत मात्र हृदय मिनिटाला ८२ वेळा आकुंचन पावत होते. प्रत्येक नेहमीच्या ठोक्यामागे एक जादा ठोका वेळेआधी पडत होता. हृदय पुरेसे भरण्यापूर्वीच तो पडत असल्याने त्याची लाट मनगटापर्यंत पोचतच नव्हती. घड्याळ येथे चुकले नव्हते. ते मनगट मोजते, हृदय नव्हे, एवढेच. ४१ हा आकडा ‘सेन्सर बिघडला’ म्हणून त्यांनी सोडून दिला असता, तर उपचारास विलंब झाला असता.

आता प्रश्न निर्मात्यांच्या जबाबदारीचा. वाण्याच्या तराजूची ठरावीक मुदतीने पडताळणी होऊन त्यावर मुद्रा बसते. २००९ च्या वैध मापनशास्त्र कायद्याने मापाची ही शिस्त देशभर लागू आहे. मनगटावरील या मापकाच्या जाहिरातीत मात्र हृदयाचे चित्र मोठे असते आणि ‘हे वैद्यकीय उपकरण नाही’ हे वाक्य खोक्याच्या तळाशी मुंगीच्या अक्षरांत. विकताना आरोग्यरक्षक आणि तक्रार आली की खेळणे, ही दुटप्पी भूमिका आहे. माझी मागणी फार मोठी नाही. आपल्याला मिळालेला संकेत ठळक आहे की क्षीण, हे यंत्राच्या आतील गणिताला बऱ्याच अंशी कळत असते, कारण त्या आधारेच ते आकडा निवडते. तेवढे त्याने ग्राहकाला दाखवावे. फोनवर जशा सिग्नलच्या कांड्या दिसतात, तशा नाडीच्या आकड्याशेजारीही दाखवता येतील आणि संकेत पार बुडाला, तर आकड्याऐवजी दोन आडव्या रेघा. काही घड्याळे या रेघा दाखवतातही. पण दुकानात ग्राहक त्यांनाच दोष समजतो आणि सतत आकडा दाखवणारे घड्याळ घेऊन घरी जातो. निर्मात्यांना हे पक्के ठाऊक आहे.

इंग्लंडमधील सर जॉन फ्लॉयर या वैद्याने १७०७ मध्ये नाडी मोजण्यासाठी खास घड्याळ करवून घेतले होते. ते नेमके एक मिनिट चाले आणि थांबे. नाडी वैद्याच्या बोटांखाली असे. घड्याळाकडे काम फक्त मिनिटाचे. आजच्या स्मार्टवॉचमध्येही सेकंद दाखवण्याची सोय असते. आपल्या त्या बँक अधिकाऱ्यांनी आता तोच पडदा पहिल्या पानावर लावून घेतला आहे. मैदानाला दोन फेऱ्या झाल्या की ते बाकावर बसतात आणि उजव्या हाताची बोटे डाव्या मनगटावर, घड्याळाच्या खाली ठेवून सेकंद मोजू लागतात.